बोहाड्याचा व्हिडिओ कुणापर्यंत पोहोचतो?

जव्हार-मोखाड्यातला बोहाडा आता गावाच्या चौकापुरता उरलेला नाही. संबळ आणि पिपाणीच्या तालावर सोंग नाचत येते तेव्हा समोर मोबाईलची रांग उभी असते आणि सकाळी त्यातली अनेक सोंगे यूट्यूबवर चढलेली असतात. तारप्याचा नाच, वारली चित्रांचे धडे, पावसाळ्यातला दाभोसा धबधबा, लग्नातली धवलेरीची गाणी, असे या दोन तालुक्यांचे बरेच काही तिथे सापडते. चढवणारा माणूस शीर्षक लिहितो, चित्र निवडतो आणि प्रसिद्ध करतो. मधल्या पानावर तीन प्रश्न असतात: हा व्हिडिओ कोणत्या प्रकारचा, कोणत्या भाषेतला आणि मुलांसाठी आहे की नाही. बहुतेक वेळा त्यांतले पहिले दोन तसेच राहतात आणि तिसऱ्याचे उत्तर घाईत दिले जाते.

या तीन खुणांचा शिफारशींवर किती परिणाम होतो, याबद्दल व्हिडिओ करणाऱ्यांत दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे, की योग्य कॅटेगरी आणि टॅग टाकले की अल्गोरिदम व्हिडिओ उचलून धरतो. दुसरे असे, की हे सगळे कागदोपत्री आहे, लोकांना आवडले तर व्हिडिओ चालतो. यूट्यूबने स्वतः जाहीर केलेली माहिती आणि त्यांच्या अभियंत्यांचे प्रसिद्ध लेखन एकत्र ठेवून पाहिले तर दोन्ही मते अर्धवट ठरतात, कारण तिन्ही खुणांचे वजन सारखे नाही. प्रेक्षकवर्गाची खूण दार उघडते किंवा बंद करते. भाषेची खूण खरा संकेत देते. कॅटेगरी ही बरीचशी पाटी आहे. जव्हार-मोखाड्यासारख्या भागात, जिथे २०११ च्या जनगणनेनुसार नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी समाजांतले आहेत आणि घरात वारली, कोकणा, कातकरी अशा बोली चालतात, तिथे हा फरक समजून घेणे विशेष गरजेचे आहे.

शिफारस ठरते कशी

यूट्यूबवर पाहिले जाणारे बरेचसे व्हिडिओ माणूस शोधून काढत नाही, ते त्याच्यासमोर येतात. पाहण्याच्या एकूण वेळेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वेळ शिफारशींमधून येतो, असे यूट्यूबच्या नील मोहन यांनी २०१८ मध्ये सांगितले होते. म्हणून शिफारशीची यंत्रणा कशावर चालते, हे आधी पाहू.

२०१२ पर्यंत क्लिक आणि व्ह्यूजना मोठे महत्त्व होते. त्यामुळे फसवी शीर्षके वाढली आणि यूट्यूबने आपला भर लोक किती वेळ पाहतात, याकडे वळवला. पुढे प्रेक्षकांना थेट प्रश्न विचारून त्यांचे समाधान मोजणेही सुरू झाले. २०२१ मध्ये यूट्यूबचे अभियांत्रिकी प्रमुख क्रिस्टोस गुडरो यांनी मुख्य संकेतांची यादी जाहीर केली: क्लिक, पाहण्याचा वेळ, सर्वेक्षणातली उत्तरे, शेअर, लाईक आणि डिसलाईक. या यादीतली प्रत्येक गोष्ट प्रेक्षकाच्या हातातली आहे. अपलोड करणाऱ्याने भरलेला एकही रकाना तिच्यात नाही.

आतली रचना थोडी अधिक उलगडते ती २०१६ मध्ये पॉल कव्हिंग्टन, जे अॅडम्स आणि एमरे सार्गिन या गूगलच्या अभियंत्यांनी लिहिलेल्या शोधनिबंधात. त्यांनी दोन टप्पे सांगितले आहेत. पहिल्या टप्प्यात लक्षावधी व्हिडिओंमधून एका प्रेक्षकासाठी काही शे व्हिडिओ निवडले जातात. त्यासाठी त्या प्रेक्षकाने आधी काय पाहिले, काय शोधले आणि तो कुठे आहे, यांचा आधार घेतला जातो. दुसऱ्या टप्प्यात या काही शे व्हिडिओंना गुण दिले जातात आणि क्रम लागतो. दुसऱ्या टप्प्याची जी आकृती निबंधात छापली आहे तिच्यात मोजकीच माहिती आत जाताना दिसते: व्हिडिओची ओळख, प्रेक्षकाने आधी पाहिलेले व्हिडिओ, मागच्या वेळी पाहिल्यापासून गेलेला काळ, तो व्हिडिओ आधी किती वेळा समोर आला आणि त्याबरोबर दोन भाषा, एक प्रेक्षकाची आणि दुसरी व्हिडिओची. कॅटेगरी त्या आकृतीत नाही.

या पुराव्याच्या मर्यादाही आहेत. निबंध जुना आहे आणि यंत्रणा त्यानंतर बरीच बदलली आहे. आकृतीत दाखवलेली माहिती ही पूर्ण यादी नव्हती. शेकडो घटक वापरले जातात, असे निबंधातच म्हटले आहे. व्हिडिओची भाषा अपलोड करणाऱ्याने सांगितलेली घेतली की यंत्राने ओळखलेली, हेही तिथे उलगडलेले नाही. तरी एवढे नक्की म्हणता येते, की व्हिडिओची भाषा प्रेक्षकाच्या भाषेशी जुळवून पाहणे हे या यंत्रणेच्या जाहीर झालेल्या रचनेतच बसलेले होते.

दुसरा निष्कर्ष काळाबद्दलचा आहे. नव्या व्हिडिओला पाहणारे मिळालेले नसतात, तेव्हा त्याच्याबद्दल यंत्राला फारसे काही माहीत नसते. शीर्षक, वर्णन, भाषा, चॅनेलवरचे आधीचे व्हिडिओ एवढ्याच खुणा हाताशी असतात. पाहणारे येऊ लागले, की त्यांचे वागणे या खुणांना मागे टाकते. कोणी अर्ध्यावर सोडले, कोणी शेवटपर्यंत पाहिले, त्यानंतर काय पाहिले, यातून व्हिडिओची खरी ओळख बनते. सेटिंगचे काम सुरुवातीला योग्य माणसांपर्यंत नेण्याचे आहे. तिथून पुढे व्हिडिओलाच चालावे लागते. प्रेक्षकवर्गाची खूण मात्र या नियमाला अपवाद आहे, कारण ती शेवटपर्यंत लागू राहते.

कॅटेगरी: योग्य लावावी, पण तिच्यावर विसंबू नये

यूट्यूब स्टुडिओत तपशिलाच्या पानावर खाली 'शो मोअर' दाबले की कॅटेगरीचा रकाना दिसतो. संगीत, मनोरंजन, शिक्षण, प्रवास आणि कार्यक्रम, बातम्या आणि राजकारण, कसे करावे आणि शैली अशा पंधरा पर्यायांतून एक निवडायचा असतो. काही न निवडल्यास व्हिडिओ 'पीपल अँड ब्लॉग्ज' मध्ये राहतो. गावाकडून चढलेले असंख्य व्हिडिओ याच खान्यात असतात आणि त्यांतले काही उत्तम चालतातही. कॅटेगरी न निवडल्याने व्हिडिओ बुडतो, या समजुतीला यातूनच उत्तर मिळते.

मग कॅटेगरीचा उपयोग काय? काही ठिकाणी तो ठोस आहे. 'म्युझिक' निवडलेला व्हिडिओ यूट्यूब म्युझिक या वेगळ्या अॅपमध्ये दिसण्याची शक्यता वाढते. तारप्याची धून कोणी तिथे ऐकावी अशी इच्छा असेल, तर ही निवड अर्थपूर्ण आहे. 'एज्युकेशन' निवडल्यावर इयत्ता, अभ्यासक्रम, धड्याचा प्रकार असे आणखी रकाने उघडतात, म्हणून शाळेच्या धड्यांसाठी ती योग्य आहे. कॅटेगरीनुसार गाजणारे व्हिडिओ दाखवणारे 'ट्रेंडिंग' पान यूट्यूबने २०२५ मध्ये बंद केले, त्यामुळे या रकान्याचा एक जुना उपयोगही संपला. टॅगांची गत तशीच आहे. लोक एखादे नाव चुकीचे लिहून शोधत असतील तेवढ्यापुरते टॅग उपयोगी, एरवी त्यांचा वाटा अगदी थोडा, असे यूट्यूब स्वतःच सांगते. आपल्या भागात हा एक उपयोग खरोखर आहे. बोहाडा कोणी 'भोवाडा' लिहितो, कोणी रोमन लिपीत शोधतो. असे पर्याय टॅगात टाकावेत आणि तिथेच थांबावे.

निवडताना एक प्रश्न पुरतो: हा व्हिडिओ पाहणारा माणूस यानंतर काय पाहील? दाभोशाचा धबधबा आणि जयविलास राजवाडा एका दिवसात कसा पाहावा, हे सांगणाऱ्या व्हिडिओनंतर तो दुसऱ्या सहलीचा व्हिडिओ पाहील. ती प्रवासाची कॅटेगरी. गेरू आणि तांदळाच्या पिठाने वारली चौक कसा काढावा, हे पाहणारा पुढे दुसरी कला शिकेल. ती 'हाऊ टू अँड स्टाईल'. उन्हाळ्यात पाड्यावरच्या विहिरीची वार्ताहराने केलेली पाहणी बातम्यांत जाते. गेमिंगला किंवा कॉमेडीला जास्त प्रेक्षक आहेत म्हणून तिथे नेऊन टाकल्याने प्रेक्षक मिळत नाहीत. मिळाले तरी ते काही सेकंदांत निघून जातात आणि तो निरोप यंत्राला पोहोचतो.

भाषा: इथे खरा विचार लागतो

भाषेचे रकाने दोन आहेत आणि ते बहुतेक वेळा एकच समजले जातात. एक आहे व्हिडिओतल्या बोलण्याची भाषा. दुसरी आहे शीर्षक आणि वर्णनाची भाषा. पहिल्या रकान्यावरून आपोआप तयार होणारी उपशीर्षके कोणत्या भाषेत लिहायची, हे ठरते. दुसऱ्यामुळे शीर्षकाची भाषांतरे जोडता येतात. म्हणजे मूळ शीर्षक मराठीत ठेवून हिंदी आणि इंग्रजी शीर्षके वेगळी भरली, तर फोन इंग्रजीत ठेवणाऱ्या प्रेक्षकाला इंग्रजी शीर्षक दिसते आणि मराठीत ठेवणाऱ्याला मराठी. एकाच ओळीत तीन भाषा कोंबून केलेल्या शीर्षकापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला आहे. लांब शीर्षक मोबाईलवर अर्धे कापले जाते आणि प्रत्येक प्रेक्षकाला आपल्या भाषेचा तुकडाच वाचायला मिळतो.

जो व्हिडिओ सरळ मराठीत आहे, त्याला दोन्ही ठिकाणी मराठी लावावी. हे उघड वाटते, पण फोन इंग्रजीत असला आणि चॅनेल उघडताना इंग्रजी हीच ठरावीक भाषा नोंदवली गेली असली, तर पुढचा प्रत्येक व्हिडिओ इंग्रजी म्हणून चढत राहतो. चूक कळण्याची एक सोपी खूण आहे. उपशीर्षके चालू करून पाहावीत. मराठी बोलण्याखाली अर्थहीन इंग्रजी शब्द उमटत असतील, तर भाषेचा रकाना चुकला आहे. स्टुडिओच्या सेटिंगमध्ये 'अपलोड डिफॉल्ट्स' आहेत, तिथे एकदा मराठी लावली की नव्या व्हिडिओंसाठी ती आपोआप येते. जुने व्हिडिओ मात्र एकेक उघडून किंवा यादीत एकत्र निवडून दुरुस्त करावे लागतात.

अवघड प्रश्न पुढे येतो. व्हिडिओत बोलणे वारलीत किंवा कोकण्यात असेल तर? आधी भाषांची यादी नीट शोधावी. तिथे एक सापळा आहे. 'कोंकणी' हे नाव दिसले, की जव्हारचा कोकणा बोलणारा तरुण ते आपलेच समजून निवडू शकतो. पण ती गोव्याची आणि किनारपट्टीची कोंकणी आहे, तिचा कोड `kok` आहे. जव्हार, मोखाडा, सुरगाणा, पेठ आणि गुजरातेत डांगपर्यंत बोलली जाणारी कोकणा किंवा कुकणा ही वेगळी भाषा आहे. जागतिक भाषासूचीत तिचा स्वतंत्र कोड `kex` आहे, आणि वारलीचा `vav`. चुकून कोंकणी लावली, तर व्हिडिओची पहिली ओळख अशा प्रेक्षकांशी जोडली जाऊ शकते ज्यांना त्यातले बोलणे कळत नाही. ते लगेच निघून गेले, की पहिल्याच दिवसात चुकीचा निरोप जातो आणि चूक व्हिडिओची नसून भाषेची आहे, हे यंत्राला कळण्याचा मार्ग नसतो.

यादीत आपली भाषा मिळाली नाही तर काय करावे, यावर दोन मते असू शकतात. एक म्हणजे मराठी लावावी. जवळचा प्रेक्षक मराठीही पाहतो आणि त्याचा पाहण्याचा इतिहास मराठी व्हिडिओंनीच भरलेला असतो, त्यामुळे जुळणी बरी होते. दुसरे म्हणजे रकाना रिकामा ठेवावा, कारण चुकीची माहिती देण्यापेक्षा न दिलेली बरी, आणि वारलीला मराठी म्हणून नोंदवणे हे भाषेवर अन्याय करणारे आहे. दुसऱ्या मतातली भावना रास्त आहे. पण शिफारशीचा विचार केला तर मला पहिले मत अधिक पटते, एका अटीवर: शीर्षकात आणि वर्णनाच्या पहिल्याच ओळीत 'वारली भाषेत' किंवा 'कोकणा बोलीत' असे स्पष्ट लिहिले पाहिजे. भाषेचे नाव शोधणाऱ्याला शीर्षकामुळे व्हिडिओ सापडतो, आणि मराठी खुणेमुळे तो ज्यांच्या समोर यायला हवा त्यांच्या समोर येतो.

यासोबत एक काम टाळू नये. मराठी खूण लावल्यावर वारली बोलण्याची आपोआप उपशीर्षके तयार झाली, तर ती विपर्यस्त असतील. ती काढून स्वतः मराठी उपशीर्षके लिहावीत. सहा मिनिटांच्या बोलण्याला यात एक संध्याकाळ सहज जाते, पण व्हिडिओची पोहोच वाढवणारे या सगळ्या सेटिंगांतले सर्वात खरे काम हेच आहे. ज्याला वारली येत नाही, तो उपशीर्षकांमुळे शेवटपर्यंत थांबतो, आणि थांबणे हाच शिफारशीचा पाया आहे. जव्हार तालुक्यातले ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. अशा बातमीनंतर राज्यभरातले आणि बाहेरचेही लोक 'तारपा' शोधतात. त्या वेळी ज्या व्हिडिओंचे बोलणे त्यांना कळू शकते, तेच त्यांना थांबवून ठेवू शकतात.

प्रेक्षकवर्ग: एक उत्तर, अनेक दारे

तिसरा प्रश्न टाळता येत नाही. 'मुलांसाठी बनवलेला आहे' किंवा 'नाही', यांपैकी एक उत्तर प्रत्येक व्हिडिओसाठी किंवा संपूर्ण चॅनेलसाठी द्यावेच लागते. याचे मूळ अमेरिकेतल्या १९९८ च्या मुलांच्या गोपनीयतेच्या कायद्यात आहे. मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २०१९ मध्ये गूगल आणि यूट्यूबशी १७ कोटी डॉलरची तडजोड केली, आणि जानेवारी २०२० पासून हा प्रश्न जगभरच्या सर्व चॅनेलना लागू झाला. मोखाड्यातल्या चॅनेललाही.

'हो' म्हटल्यावर बरेच काही बंद होते. त्या व्हिडिओखाली प्रतिक्रिया येत नाहीत. शेवटी दिसणारे पुढच्या व्हिडिओचे चौकोन आणि मध्ये येणारी कार्डे जातात. प्रेक्षकाला तो आपल्या यादीत किंवा 'नंतर पाहा' मध्ये ठेवता येत नाही. त्याच्या आवडीनुसार जाहिराती दाखवल्या जात नाहीत, त्यामुळे उत्पन्न घटू शकते. संपूर्ण चॅनेल मुलांसाठी म्हणून नोंदवले, तर सदस्यत्व, पोस्ट आणि घंटेची सूचनाही जाते. शिफारशीच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचे म्हणजे असा व्हिडिओ मुलांच्या इतर व्हिडिओंसोबत सुचवला जाण्याची शक्यता अधिक असते. यूट्यूबच्या मदत पानावर हे स्पष्ट लिहिलेले आहे.

इथे चूक होते ती चांगल्या हेतूने. आपला व्हिडिओ स्वच्छ आहे, घरच्या सगळ्यांनी पाहावा असा आहे, म्हणून माणूस 'हो' म्हणतो. पण प्रश्न स्वच्छतेचा नाही. लहान मुले हा त्या व्हिडिओचा ठरवलेला प्रेक्षक आहे का, एवढेच विचारले आहे. 'नाही' म्हटल्याने मुलांनी पाहू नये असा अर्थ होत नाही. व्हिडिओत मुले दिसतात म्हणूनही तो मुलांचा होत नाही. आश्रमशाळेच्या स्नेहसंमेलनातला तारपा नाच मुले करतात, पण पाहतात ते पालक, शिक्षक आणि गावकरी. त्याचे उत्तर बहुधा 'नाही' आहे. विषय मुलांचा आहे का, गोष्ट किंवा बडबडगीत मुलांना उद्देशून आहे का, भाषा आणि वेग त्यांच्या वयाला धरून आहे का, हे पाहून उत्तर द्यायचे असते.

आजीने वारलीत सांगितलेली गोष्ट नातवंडांना उद्देशून असेल, तर उत्तर 'हो' आहे आणि ते 'हो'च दिले पाहिजे. प्रतिक्रिया हव्यात म्हणून 'नाही' म्हणणे चुकीचे आहे, कारण ही कायदेशीर जबाबदारी आहे आणि यूट्यूब स्वतःही व्हिडिओ तपासून त्यावर मुलांसाठीची खूण लावू शकते. तशी खूण लागलेली पानावर दिसते आणि ती पटली नाही तर अपील करता येते. मोठ्यांची चर्चा हवी असेल तर वेगळा व्हिडिओ करावा: त्याच गोष्टीतले शब्द, पाठभेद, ती कुठे ऐकली, याबद्दल आजीशी मोठ्यांसाठी केलेली बातचीत. तो खरोखर मोठ्यांचा व्हिडिओ असेल आणि त्याखाली चर्चा होईल.

दोन खुणांचा घोटाळा टाळावा. अल्पवयीन मुले ठळकपणे दिसणाऱ्या व्हिडिओंवरच्या प्रतिक्रिया यूट्यूब २०१९ पासून बंद करू शकते, मग उत्तर 'नाही' असले तरी. म्हणून प्रतिक्रिया बंद दिसल्या की लगेच प्रेक्षकवर्गाचे सेटिंग बदलू नये, आधी तिथे काय लिहिले आहे ते पाहावे. आणि खाली असलेली 'अठरा वर्षांवरील' ही खूण वेगळी आहे. ती लावली की साइन-इन न केलेल्या आणि अठराखालील प्रेक्षकांना व्हिडिओ दिसत नाही आणि त्याची शिफारस आक्रसते. बळीचा प्रसंग किंवा तीव्र हिंसा असेल तर ती विचारात घ्यावी. बोहाड्यातले महिषासुराचे युद्ध हे सोंग आहे, त्यासाठी तिची गरज नाही.

एका रात्रीतून तीन व्हिडिओ

समजा, जव्हारच्या एका तरुणाने मोखाड्यातल्या बोहाड्याच्या रात्री तीन तासांचे चित्रण केले आहे. त्यातून तो तीन व्हिडिओ करतो आणि तिन्हीला एकच सेटिंग लावण्याची सवय सोडतो.

पहिला बारा मिनिटांचा आहे. सोंगे क्रमाने येतात आणि कोणते सोंग कोणते, मुखवटा कोणत्या घराकडे आहे, हे तो मराठीत सांगतो. भाषा दोन्ही ठिकाणी मराठी, शीर्षकाची हिंदी आणि इंग्रजी भाषांतरे जोडलेली, कॅटेगरी प्रवास आणि कार्यक्रम, चित्रीकरणाचे ठिकाण मोखाडा, प्रेक्षकवर्ग 'नाही'. रंगीत मुखवटे आहेत म्हणून तो मुलांचा होत नाही.

दुसरा सहा मिनिटांचा आहे. कागदाच्या लगद्याचे मुखवटे घडवणारे वयस्क कारागीर कोकण्यात बोलतात. यादीत कोकणा मिळाली तर ती, नाही तर मराठी, पण कोंकणी नाही. शीर्षकात 'कोकणा बोलीत'. मराठी उपशीर्षके हाताने लिहिलेली. कॅटेगरी शिक्षण, प्रेक्षकवर्ग 'नाही'.

तिसरा आठ मिनिटांचा आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना वर्तमानपत्राचा छोटा मुखवटा करायला शिकवणारा, मुलांशी बोलत केलेला. भाषा मराठी, कॅटेगरी कसे करावे आणि शैली, प्रेक्षकवर्ग 'हो'. त्याखाली प्रतिक्रिया येणार नाहीत, हे तो आधीच गृहीत धरतो आणि शेवटच्या चौकोनांऐवजी पुढच्या व्हिडिओचे नाव बोलून सांगतो.

आता तपासणी. आठवड्यानंतर तो स्टुडिओतल्या अॅनॅलिटिक्समध्ये 'ट्रॅफिक सोर्स' उघडतो. पहिल्या काही दिवसांत 'एक्स्टर्नल' म्हणजे बाहेरून आलेले प्रेक्षक जास्त असणार, कारण गावाच्या व्हॉट्सअॅप गटांत दुवा फिरलेला असतो. त्यावरून निष्कर्ष काढू नये. पाहायचे ते 'सजेस्टेड व्हिडिओज'. तिथे कोणत्या व्हिडिओंशेजारी आपला व्हिडिओ सुचवला गेला, त्यांची नावे दिसतात. पहिल्या व्हिडिओशेजारी दुसरे बोहाडे, दशावतार, संबळ, आदिवासी नाच दिसत असतील, तर तो योग्य शेजारात बसला आहे. कार्टून आणि बडबडगीते दिसत असतील, तर प्रेक्षकवर्गाचा रकाना पुन्हा उघडून पाहावा. दुसऱ्या व्हिडिओशेजारी गोव्याची गाणी दिसली, तर भाषेचा रकाना तपासावा.

दुसरा आकडा इम्प्रेशन्सचा आणि क्लिक-थ्रू रेटचा. म्हणजे चित्र कितींना दिसले आणि त्यांतल्या किती टक्क्यांनी ते दाबले. यूट्यूबवरच्या निम्म्या चॅनेल आणि व्हिडिओंमध्ये हे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असते, असे यूट्यूब सांगते. इम्प्रेशन्स भरपूर आणि क्लिक मोजके असतील, तर अडचण शीर्षक-चित्रात किंवा चुकीच्या माणसांसमोर जाण्यात आहे. तेव्हा शेजारची यादी पाहून ठरवावे. इम्प्रेशन्सच थोडे असतील आणि शेजार योग्य असेल, तर सेटिंगांशी आणखी झुंजण्यात अर्थ नाही. बोहाड्यावर व्हिडिओ पाहणारा वर्ग मर्यादित आहे आणि तो वर्षात फाल्गुन-चैत्राच्या सुमारास वाढतो. पुढच्या हंगामात जुना व्हिडिओ पुन्हा चालू लागणे हेही नेहमीचे आहे. सेटिंग नंतर बदलता येतात, पण दर दोन दिवसांनी बदलल्यास कोणत्या बदलाने काय झाले, हे कळत नाही. एका वेळी एक बदल करावा आणि निदान आठवडाभर थांबावे.

एकूण मांडणी अशी होते. दहा मिनिटे हाताशी असतील, तर त्यांतली दोन प्रेक्षकवर्गाचे उत्तर विचारपूर्वक देण्यात घालवावीत, कारण चूक झाल्यास दारे बंद होतात. सात भाषेवर: बोलण्याची भाषा, शीर्षकाची भाषांतरे, बोलीचे नाव शीर्षकात. उरलेले एक मिनिट कॅटेगरीला पुरते. उपशीर्षकांसाठी वेगळी संध्याकाळ काढावी. आणि वारली, कोकणा, कातकरी या भाषा निवडण्याच्या याद्यांत त्यांच्या स्वतःच्या नावाने असाव्यात, ही मागणी या भागातल्या चॅनेलवाल्यांनी यूट्यूबच्या अभिप्राय खिडकीतून पुन्हा पुन्हा नोंदवत राहावे. तोवर निदान शीर्षकात तरी त्या आपल्या नावाने यायला हव्यात, कारण शीर्षक लिहिणे पूर्णपणे आपल्याच हातात आहे.